सभेत न आलेले विषय सारांशात लिहायचे की सोडायचे?

प्रश्न: देवगड तालुक्यातल्या एका मच्छिमार सहकारी संस्थेचं सचिवपद मी यंदाच घेतलं. संचालक मंडळाच्या सभेनंतर एक पानाचा सारांश करून सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो. विषयपत्रिकेवर होते पण सभेत आलेच नाहीत, असे विषय त्यात वेगळ्या मथळ्याखाली द्यावेत का? अध्यक्ष म्हणतात, जे झालंच नाही त्याचं काय लिहायचं. दोन संचालक म्हणतात, लिहायलाच पाहिजे.

उत्तर: मालवणच्या बाजूला अशाच एका संस्थेत मी बावीस वर्षं सचिव होतो, त्यामुळे हा वाद मला चांगला ओळखीचा आहे. तुमचे अध्यक्षही बरोबर आहेत आणि ते दोन संचालकही. फक्त दोघांच्या डोळ्यांसमोर कागद वेगवेगळे आहेत. संचालक इतिवृत्ताच्या वहीबद्दल बोलत असावेत आणि अध्यक्ष तुमच्या व्हॉट्सॲपच्या पानाबद्दल.

वहीचं आधी सांगतो, कारण तिथे विचार करण्यासारखं फार काही नाही. सभेची नोटीस निघते तेव्हा विषयांना क्रमांक पडतात आणि ती नोटीस दफ्तरात राहते. उद्या कोणी नोटीस आणि वही शेजारी ठेवून बघितली, तर नोटिशीतल्या प्रत्येक क्रमांकासमोर वहीत काहीतरी सापडलं पाहिजे. ठराव झाला असेल तर ठराव, नसेल तर ‘हा विषय सभेत घेण्यात आला नाही’ एवढं एक वाक्य. विषय 4 नंतर थेट विषय 7 आला की वाचणाऱ्याला पहिली शंका येते की मधलं पान कुठे गेलं. त्याहून वाईट म्हणजे काही जण ‘नंतर भरू’ म्हणून मध्ये चार ओळींची जागा सोडतात. त्या मोकळ्या जागेत दोन महिन्यांनी कोणी ठराव लिहिला, तर तो सभेत झाला होता की नव्हता हे कशाच्या आधारावर सांगणार? तेव्हा वहीत प्रत्येक क्रमांक यायलाच हवा, कोणाला आवडो न आवडो.

सारांश हा वेगळा कागद आहे. तो पुरावा म्हणून कोणी जपत नाही. होडीवरून उतरलेला माणूस चहा पिता पिता तो वाचतो, आणि त्याला तीनच गोष्टी हव्या असतात: काय ठरलं, मला काय करायचंय, आणि माझ्या कामाचं काय झालं. न आलेला विषय सारांशात घ्यायचा की नाही, हे या तिसऱ्या प्रश्नावर ठरतं. त्या विषयाच्या उत्तराची कोणी वाट बघत असेल, किंवा त्याला एखादी तारीख चिकटलेली असेल, तर तो लिहायचा. दोन्ही नसेल तर वहीत नोंद आहे तेवढी पुरे. कायमचा मथळा मात्र छापून ठेवू नका. तो का नको ते पुढे येईलच.

तारीख चिकटलेला विषय गाळला की काय होतं, ते मी स्वतः करून बघितलंय. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली सभा. यांत्रिक नौकांची बंदी 1 जूनपासून लागते, त्यामुळे सगळ्यांची आगोटीची घाई. विषयपत्रिकेवर पाचवा विषय होता पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायच्या जागांचं वाटप. आमच्या किनाऱ्यावर वरच्या अंगाला, माडांच्या ओळीपाशी, जेमतेम पंचवीस होड्या सुरक्षित राहतात. बाकीच्यांना खाली, वाळूच्या उतारावर ठेवाव्या लागतात. दोन कुटुंबांनी ‘यंदा आम्हाला वरची जागा मिळावी’ असे अर्ज दिले होते. सभा पाच वाजता सुरू झाली, बर्फाच्या लादीच्या दरावर पावणेदोन तास गेले, मग वीज गेली, आणि पाचवा विषय तसाच राहिला.

मी रात्री सारांश लिहिला. बर्फाचा दर, डिझेल परताव्याचे कागद कधीपर्यंत द्यायचे, जेट्टीवरच्या दिव्यांचा खर्च. पाचव्या विषयाबद्दल अक्षर नाही, कारण मलाही तेव्हा वाटायचं की न झालेल्याचं काय लिहायचं.

सभासदांनी ते मौन आपापल्या सोयीनं वाचलं. ज्यांच्याकडे आधीपासून वरची जागा होती ते म्हणाले, काही लिहिलेलं नाही म्हणजे गेल्या वर्षीचंच चालू. त्यांनी दोन दिवसांत होड्या वर घेतल्या आणि झापांनी शाकारूनही टाकल्या. अर्ज दिलेली दोन कुटुंबं समजून बसली की अजून विचार चालू आहे, निरोप येईल. निरोप यायचा प्रश्नच नव्हता. पुढची सभा जूनच्या मध्यावर, तोपर्यंत वर जागा उरली नव्हती. पहिल्या मोठ्या उधाणाला खालच्या एका होडीच्या बुडाशी पाणी आलं आणि रात्री पंधरा-वीस जणांनी मिळून ती ओढली. होडी वाचली. पण त्या घरातली म्हातारी दुसऱ्या दिवशी संस्थेच्या पायरीवर येऊन मला म्हणाली, “मगे आमच्या अर्जाचा काय झाला, ता एक ओळ लिवूक तुझी शाई संपलेली?” तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

विषय राहिला ही काही चूक नव्हती. सभांमध्ये विषय राहतातच. चूक माझी ही होती की ‘निर्णय झालेला नाही’ ही बातमी आहे हे मला कळलं नाही. ती बातमी दुसऱ्या दिवशी मिळाली असती, तर त्या दोन कुटुंबांनी अध्यक्षांना गाठून 1 जूनच्या आत तातडीची सभा मागितली असती.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग सगळेच राहिलेले विषय लिहून टाकू, कटकट नको. त्या घटनेनंतर मीही तेच केलं, आणि वर्षभरात त्याचे वेगळे चटके बसले. कारण ‘या विषयावर चर्चा झाली नाही’ हे लिहायला सोपं वाक्य असलं तरी खात्रीनं लिहायला कठीण आहे. काय झालं ते लिहायला ऐकलेलं एक वाक्य पुरतं. काय झालं नाही ते लिहायचं तर सगळी सभा ऐकलेली असावी लागते. तुम्ही मध्ये दहा मिनिटं फोनवर बाहेर गेला असाल तर तेवढ्यात काय निघालं हे तुम्हाला माहीत नसतं. आणि आपल्याकडच्या सभा काही विषयाच्या क्रमानं चालत नाहीत. तिसऱ्या विषयात सातवा मिसळतो, सातव्याचं उत्तर पहिल्यात देऊन झालेलं असतं.

म्हणून सभा संपली की मी एक काम करायचो, आणि तुम्हालाही तेच सुचवेन. विषयपत्रिकेची प्रत समोर घ्यायची आणि ज्या क्रमांकावर खूण नाही, त्या प्रत्येकाबद्दल विचारायचं की हा विषय नक्की कोणत्या अर्थानं झाला नाही? एका सभेचं उदाहरण देतो. नऊ विषय होते, पहिल्या चारांवर खूण होती, पाच कोरे. वरवर बघता निम्म्याहून जास्त सभा वाया गेलेली दिसत होती.

विषय 5 होता वजनकाट्याची दुरुस्ती. त्या क्रमांकावर कोणी बोललं नाही हे खरं. पण माझ्या टिपणात तिसऱ्या विषयाखाली, बर्फाच्या वजनाच्या तक्रारीवरून बोलणं चाललं असताना, अध्यक्षांचं वाक्य होतं, “काट्याचं पण ह्याच आठवड्यात बघून घ्या,” आणि खजिनदारांनी मान डोलावून दोन हजारांपर्यंतचा खर्च करतो म्हटलं होतं. म्हणजे विषय झाला होता, फक्त दुसऱ्याच्या घरात. तो ‘राहिलेला’ म्हणून लिहिला असता तर सारांश खोटा ठरला असता आणि खजिनदारांनी काट्याचं काम थांबवलं असतं. तो निर्णयांमध्ये गेला.

विषय 6 एका सभासदाच्या अर्जाचा. संस्थेची जाळी ठेवायची खोली दोन महिने भाड्यानं हवी होती. त्यानं सभेच्या आदल्या दिवशीच अर्ज मागे घेतला होता. हा विषय राहिलेला नाही, संपलेला आहे. इथे वहीत ‘अर्जदाराने अर्ज मागे घेतल्याने विषय घेतला नाही’ असं लिहिलं. सारांशात लिहायचं कारण नव्हतं, कारण वाट बघणारा एकच माणूस होता आणि त्यानं बघणं सोडलं होतं.

विषय 7, नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीचा खर्च. हा अध्यक्षांनी पुकारला, दोघे म्हणाले अजून वेळ आहे, पावती पुस्तकांचा हिशेब आला की बघू, आणि सगळ्यांनी मान्य केलं. बरेच सचिव याला न झालेला विषय समजतात. माझ्या मते हा निर्णयच आहे, विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब करण्याचा. सभेनं समजून उमजून पुढे ढकलणं आणि सभा तिथपर्यंत न पोचणं, यात जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्यात सभेनं काहीतरी म्हटलंय, दुसऱ्यात काहीच म्हटलेलं नाही. तो निर्णयांच्या यादीतच ‘पुढील सभेपर्यंत तहकूब’ म्हणून गेला.

विषय 8, जाळ्यांसाठी कर्जाची मागणी केलेल्या सहा जणांचे अर्ज. इथपर्यंत सभा खरोखरच पोचली नाही. कोणी नाव काढलं नाही, कोणी पुढे ढकला म्हटलं नाही. सहा घरं उत्तराची वाट बघत होती, आणि जाळी घ्यायची तर हंगाम सुरू व्हायच्या आधी.

विषय 9 म्हणजे आपला नेहमीचा ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’. काही आलं नाही. तो विषय नसून विषयांसाठी उघडं ठेवलेलं दार आहे. दारातून कोणी आलं नाही ही काही सभासदांना कळवायची गोष्ट नाही. वहीत एक ओळ, बास.

म्हणजे पाच कोऱ्या क्रमांकांपैकी खऱ्या अर्थानं राहिलेला एकच निघाला. आता एका विषयासाठी मथळा कशाला? मी एवढंच लिहिलं:

> जाळी कर्जाचे सहा अर्ज (विषय 8) या सभेत घेता आले नाहीत. त्यावर मंजुरी किंवा नामंजुरी, काहीही झालेलं नाही.

दुसरं वाक्य मुद्दाम आहे, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा तेच महत्त्वाचं. ‘चर्चा झाली नाही’ एवढंच लिहिलं तर अर्धे लोक त्याचा अर्थ नाकारलं असा घेतात. उघड नाही म्हणायचं नाही म्हणून बाजूला ठेवलं, ही आपल्याकडे सर्रास चालणारी रीत आहे, त्यामुळे लोकांचं तसं वाटणं काही चुकीचंही नाही. म्हणून हो नाही आणि नाही पण नाही, हे स्पष्ट लिहावं लागतं.

त्याच्या पुढे ‘पुढील सभेत घेण्यात येईल’ असं लिहायचा मोह होतो. हात आवरा. तसं सभेत कोणी म्हटलं असेल तरच लिहा. संचालक मंडळाच्या पुढच्या सभेची विषयपत्रिका नव्यानं निघते, राहिलेला विषय तिच्यावर आपोआप चढत नाही. तो कोणीतरी चढवावा लागतो. सभेत ठरलेलं नसेल तर सारांश टाकायच्या आधी अध्यक्षांना एक फोन करा: “आठ नंबर राहिलाय, पुढच्या वेळी घ्यायचा ना?” हो म्हणाले तर ‘अध्यक्षांनी पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्यास सांगितले आहे’ असं लिहा. त्यात कोणी सांगितलं ते येतं आणि सभेच्या तोंडी न बोललेलं वाक्य जात नाही. फोन लागला नाही तर ते वाक्य गाळून पाठवा.

कारणाच्या बाबतीतही तेच. आपला सगळ्यांचा लाडका शब्द म्हणजे ‘वेळेअभावी’. मी जुन्या वह्या चाळल्या तेव्हा लक्षात आलं की आमच्याकडे सहाला सुरू होऊन सातला संपलेल्या सभेतही विषय वेळेअभावी राहायचे! खरं कारण असायचं खजिनदार आले नाहीत, किंवा ज्याच्या विरुद्ध विषय तो समोर बसला होता. हे तुम्ही लिहावं असं मी म्हणत नाही. उलट, सभेत कारण बोललं गेलं नसेल तर कुठलंच कारण लिहू नका. ‘घेता आला नाही’ यात कोणावर ठपका येत नाही आणि खोटंही काही जात नाही. तुमच्या अध्यक्षांचा विरोध मुळात इथून असण्याची शक्यता मला जास्त वाटते. राहिलेल्या विषयांची यादी म्हणजे ‘अध्यक्षांना सभा आवरता येत नाही’ याची जाहिरात, असं त्यांना वाटत असेल. वेगळा मथळा आणि खाली सहा ओळी असल्या की ती तशी दिसतेही. दोन साध्या वाक्यांना ते आक्षेप घेणार नाहीत, करून बघा.

आता मथळा का नको म्हटलं ते. ‘चर्चा न झालेले विषय’ असा कायमचा रकाना ठेवला की तो भरायची सवय लागते. काट्यासारखा झालेला विषय, मागे घेतलेला अर्ज, ऐनवेळचे विषय, सगळं त्यात पडतं, कारण रकाना रिकामा बरा दिसत नाही. त्यात काही अध्यक्षांना एका तासाच्या सभेला चौदा विषय लावायची खोड असते. मग सारांशाचा निम्मा भाग न झालेल्या गोष्टींचा होतो, लोक ते वाचणं सोडतात, आणि ज्या दिवशी त्यात जागावाटपासारखा जळता विषय असतो त्या दिवशीही तो कोणी वाचत नाही. माझ्या त्या वर्षभरात हेच झालं होतं. कर्जाच्या अर्जाबद्दल मी व्यवस्थित लिहिलेलं असायचं आणि तरी माणूस विचारायला यायचा, कारण त्या मथळ्याच्या खाली नजर जायचीच बंद झाली होती.

मथळा द्यावा असा प्रसंग येतो, नाही असं नाही. सभा अर्ध्यावर मोडली, वादळाच्या इशाऱ्यामुळे सगळे बंदरावर धावले, आणि तीन-चार खरे विषय एकदम राहिले, तर ते एकत्र दिलेलेच वाचायला सोपे. त्या सारांशापुरता मथळा द्या, पुढच्या वेळी काढून टाका. आणि राहिलेल्या विषयाला जवळची तारीख असेल, तर तो पानाच्या तळाला न ठेवता अगदी वर, पहिल्या ओळीत घ्या. आमचा जागावाटपाचा विषय खरं तर बर्फाच्या दराच्याही आधी यायला हवा होता.

वार्षिक सर्वसाधारण सभेचं थोडं वेगळं आहे. तिची विषयपत्रिका प्रत्येक सभासदाच्या हातात गेलेली असते, म्हणजे प्रत्येक क्रमांकाची वाट बघणारा कोणीतरी असतोच. तिथे राहिलेले विषय सारांशात सगळे द्यावेत, फारसा विचार न करता. शिवाय सभा तहकूब झाली असेल तर तहकूब सभेत मूळ पत्रिकेवरचेच विषय घेता येतात, नवे नाहीत. त्यामुळे कोणते राहिले हे लोकांना आधी कळलं तर ते त्या तयारीनं येतात.

एक अडचण मात्र मला कधीच पूर्ण सोडवता आली नाही. एकच विषय सभेमागून सभा राहतो. आमच्याकडे जुन्या गोदामाच्या छपराचा असा एक विषय होता. तो दर वेळी लिहिला तर लोक हसतात, नाही लिहिला तर विसरतात. मी शेवटी एवढं करायचो की तिसऱ्यांदा राहिला की सारांशात ‘सलग तिसऱ्या सभेत घेता आला नाही’ असं लिहायचो, आणि त्याआधी अध्यक्षांना सांगायचो की असं लिहिणार आहे. दोनदा तो त्या फोननंतर पुढच्या सभेत पहिल्या क्रमांकावर आला. एकदा अध्यक्ष म्हणाले, “मग काढूनच टाक पत्रिकेवरून,” आणि तेही चाललं, कारण काढल्याची नोंद वहीत गेली.

विषयपत्रिका लेखी निघालीच नसेल, नुसतं ‘रविवारी बसूया’ असा निरोप गेला असेल, तर मात्र राहिलेले विषय लिहायच्या भानगडीत पडू नका. काय ठरवलं होतं हे अध्यक्षांच्या मनात एक असतं, तुमच्या मनात दुसरं, आणि जे योजलेलंच नव्हतं ते राहिलं असं लिहिलं जातं.

तुमचा सारांश बरोबर चाललाय का, हे कळायला मी सकाळचे फोन मोजायचो. सारांश टाकल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकाच विषयाबद्दल दोन-तीन जणांनी ‘त्याचं काय झालं’ विचारलं, की समजायचं ती ओळ राहिली. तेव्हा लाजू नका, त्याच गटावर लगेच पुरवणी टाका. पुढच्या सभेची वाट बघत बसलात तर तोवर वरच्या पंचवीस जागा भरलेल्या असतात.